राउटर रिस्टार्ट केला की नेट पळतं, मग पुन्हा बसतं: उष्णता की मेमरी, हे स्वतः कसं ओळखायचं

राउटर बंद करून चालू केला की नेट सुसाट पळतं आणि दोन तासांनी किंवा दोन दिवसांनी पुन्हा जैसे थे. मार्च संपला की आपल्याकडे ही तक्रार घरोघरी ऐकू येते. तिच्यावर दोनच उत्तरं मिळतात: 'कंपनीचं नेटच खराब आहे' किंवा 'डबा जुना झाला, नवा घ्या.' दोन्ही खरी असू शकतात, पण तपास न करता नवा डबा घेतला आणि तोही त्याच पत्र्याखालच्या त्याच फळीवर ठेवला, तर पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं.

खरी अडचण अशी आहे की रिस्टार्टने नेट सुधारलं, एवढ्यावरून कारण कळत नाही. रिस्टार्ट करताना आपण एकाच वेळी पाच गोष्टी करतो. राउटरची मेमरी रिकामी होते. प्लग काढून थोडा वेळ थांबलो तर डबा थोडा थंडही होतो. कंपनीच्या लाईनवर नव्याने लॉगिन होतं. वायफाय कदाचित दुसरं, मोकळं चॅनल पकडतं. आणि जोडलेले सगळे फोन एकदम सुटून हळूहळू परत येतात. यातल्या नेमक्या कोणत्या गोष्टीने फरक पडला, हे शोधायचं असेल तर त्या एकेक करून वेगळ्या करायला हव्यात. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. लागणारं सामान म्हणजे एक लॅपटॉप, एक लॅन वायर, एक छोटा टेबल फॅन आणि वही.

पहिली पायरी: तीन-चार दिवस नोंद ठेवा

नेट मंदावलं की वेळ लिहा, तेव्हा अंदाजे किती फोन जोडलेले होते ते लिहा, आणि रिस्टार्ट केलाच तर त्यानंतर नेट किती वेळ चांगलं चाललं ते लिहा. हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

रिस्टार्टनंतर दहा मिनिटांत किंवा अर्ध्या तासात दुखणं परत येत असेल, आणि तेही दुपारी बारा ते पाचच्या दरम्यानच, तर संशय उष्णतेवर घ्या. नेट दोन-चार दिवस छान चालून मग बसत असेल, वेळ सकाळची असो की रात्रीची, तर संशय मेमरीवर. आणि रोज रात्री आठ ते अकरा या वेळेतच रडगाणं असेल, रिस्टार्टने कधी फरक पडत असेल आणि कधी नाही, तर गल्लीतली सगळी मंडळी एकाच वेळी व्हिडिओ बघत असल्याने कंपनीच्या बाजूला गर्दी होत असण्याची शक्यता जास्त आहे. तिथे तुमच्या राउटरचा दोष नाही.

दुसरी पायरी: नेट चांगलं असतानाच दोन खिडक्या उघडून ठेवा

लॅपटॉप लॅन वायरने थेट राउटरला जोडा. वायफायवर ही तपासणी करू नका, नाहीतर वायफायचा दोष आणि राउटरचा दोष एकमेकांत मिसळतील. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून `ipconfig` टाइप करा. `Default Gateway` पुढे जो पत्ता दिसेल तो तुमच्या राउटरचा. बहुतेक ठिकाणी तो `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो. आता दोन वेगळ्या खिडक्यांत या दोन कमांड चालू करा आणि तशाच ठेवा, पहिलीत तुमच्या राउटरचा पत्ता टाका:

```
ping -t 192.168.1.1
```

```
ping -t 8.8.8.8
```

पहिली कमांड राउटरपर्यंतचा वेळ मोजते, दुसरी बाहेरच्या एका सर्व्हरपर्यंतचा. वायरवर राउटरचं उत्तर साधारण एक-दोन मिलिसेकंदांत येतं. एखादा आकडा मध्येच उडाला तर घाबरू नका, पिंगला उत्तर देणं हे राउटरच्या लेखी दुय्यम काम असतं. सलग पंधरा-वीस ओळी बिघडलेल्या दिसल्या तरच ती खूण माना.

नेट मंदावलं की लगेच रिस्टार्ट करायचा मोह आवरा आणि आधी या खिडक्या बघा. वायरवर दोन्ही पिंग ठीक आहेत, वायरवरून पानंही उघडताहेत आणि फक्त फोन रखडताहेत, तर गोंधळ वायफायमध्ये आहे. राउटरची पिंगच शेकडो मिलिसेकंदांवर गेली किंवा `Request timed out` दिसायला लागलं, तर राउटरच धापा टाकतोय. राउटरची पिंग स्वच्छ आणि बाहेरची खराब, तर आधी कंपनीच्या लाईनकडे बघा.

चौथी शक्यता नवख्या माणसाला चकवते. दोन्ही पिंग मजेत चालू असतात, आधीपासून लावलेला व्हिडिओही चालतो, पण नवं पान मात्र उघडत नाही, किंवा दहापैकी चार उघडतात. हे मेमरीचं लक्षण आहे आणि ते जरा सविस्तर समजून घ्यायला हवं.

मेमरी भरते म्हणजे नेमकं काय भरतं

घरातले सगळे फोन बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसतात. आतल्या कोणत्या फोनने बाहेर कोणाशी बोलणं सुरू केलंय, हे राउटरला लक्षात ठेवावं लागतं, तरच आलेलं उत्तर योग्य फोनकडे जातं. त्यासाठी तो मेमरीत एक तक्ता ठेवतो. हा तक्ता ठरावीक ओळींच्या हजेरीपटासारखा असतो: ओळी संपल्या की नव्या नावाला जागा नाही, पण आधी लिहिलेल्यांचं काम चालू राहतं. म्हणूनच चालू व्हिडिओ चालतो आणि नवं पान अडतं.

एक फोन म्हणजे एक ओळ असं नसतं. एक बातम्यांचं पान उघडलं तरी जाहिराती, चित्रं, मोजणीची साधनं मिळून डझनांनी जोडण्या उघडतात. टॉरेंट चालू असेल तर एकटा लॅपटॉप शेकडो ओळी खातो. आणि काम संपल्यावर ओळ लगेच पुसली जात नाही. बहुतेक राउटर आतून लिनक्सवर चालतात आणि मूळ लिनक्समध्ये नीट बंद न झालेली टीसीपी जोडणी तक्त्यातून काढायची मुदत तब्बल ५ दिवस आहे. चांगले राउटर बनवणारे ती बरीच कमी करतात, सगळेच करतात असं नाही. फोन खिशात टाकून माणूस रेंजबाहेर निघून गेला की त्याच्या अर्धवट जोडण्या अशाच मागे राहतात. माणसांची ये-जा जिथे जास्त, तिथे हा कचरा लवकर साठतो.

याशिवाय राउटरमधल्या एखाद्या प्रोग्रामने घेतलेली मेमरी परतच न करणं, हा फर्मवेअरचा, म्हणजे राउटरमधल्या मूळ सॉफ्टवेअरचा दोषही असतो. जुन्या स्वस्त डब्यांत एकूण मेमरीच ३२ किंवा ६४ एमबी असते, तिथे थोडी गळतीही लवकर जाणवते.

आता खात्री कशी करायची? नेट अडलेलं असताना तिसऱ्या खिडकीत या दोन कमांड द्या. `192.168.1.1` च्या जागी तुमच्या राउटरचा पत्ता टाका:

```
nslookup wikipedia.org 192.168.1.1
nslookup wikipedia.org 8.8.8.8
```

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी शोधण्याचं काम पहिल्या ओळीत राउटरला सांगितलंय, दुसऱ्या ओळीत थेट बाहेरच्या सर्व्हरला. दुसऱ्याने उत्तर दिलं आणि राउटरने दिलं नाही, तर राउटरमधला नाव शोधणारा छोटा प्रोग्राम अडकलाय. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये `DHCP` च्या पानावर डीएनएस म्हणून `8.8.8.8` आणि `1.1.1.1` भरून सेव्ह करा. फोन पुन्हा जोडले गेले की थेट बाहेर विचारतील आणि हे दुखणं तिथेच संपेल. पण आधीच्या पिंग चालू असताना दोन्हीकडून उत्तर येत नसेल, तर तक्ता भरल्याचा संशय पक्का होतो. काही राउटरच्या `Status` किंवा `Device Information` पानावर मेमरी किती टक्के वापरात आहे तेही दिसतं. त्यात नुसता ७५ टक्के आकडा दिसला म्हणून काही बिघडत नाही. रोज त्याच वेळी बघून तो चढतच चाललाय का, हे पाहायचं.

ज्यांच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर आहे त्यांना अंदाज करावा लागत नाही, `ssh` ने राउटरमध्ये शिरून या कमांड द्या:

```
cat /proc/sys/net/netfilter/nf_conntrack_count
cat /proc/sys/net/netfilter/nf_conntrack_max
```

पहिला आकडा दुसऱ्याला टेकला की झालं निदान.

तिसरी पायरी: थंड करा, पण रिस्टार्ट करू नका

दुपारी नेट मंदावलं की राउटर चालूच ठेवून टेबल फॅनचा झोत त्याच्यावर वीस मिनिटं सोडा. काहीही न दाबता वेग परत आला, तर उष्णतेचा पुरावा हातात आला.

वेग परत नाही आला तरी उष्णता लगेच निर्दोष ठरत नाही, कारण तापून वायफायची चिप एकदा लटकली की ती रिस्टार्टशिवाय उठत नाही. म्हणून उलटी तपासणीही करा: फॅन बंद ठेवून, प्लगला हात न लावता, राउटरच्या सेटिंग पानावरून `Reboot` दाबा. राउटर दोन-तीन मिनिटांत परत चालू होतो, पण अंग तापलेलंच असतं. मेमरी मात्र पूर्ण रिकामी झालेली असते. यानंतर त्याच उन्हात नेट संध्याकाळपर्यंत टिकलं, तर दोष मेमरीकडे झुकतो. दहा-वीस मिनिटांत पुन्हा बसलं, तर उष्णतेकडे.

घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्यासाठीचं हवामान बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. हे डब्याभोवतीच्या हवेचं तापमान आहे. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याच्या खोलीत वरच्या अंगाला हवा त्याहून तापलेली असते, आणि बंद लाकडी खोक्यात राउटरची स्वतःची उष्णता त्यात भर घालते. म्हणजे आपण तो डबा महिना-दीड महिना कंपनीने सांगितलेल्या मर्यादेबाहेरच चालवत असतो. तापल्यावर काही राउटर स्वतःला वाचवण्यासाठी वेग किंवा वायफायची ताकद कमी करतात, काही चुका करायला लागतात. आपल्याला दोन्ही सारखंच दिसतं: नेट स्लो.

उपाय साधे आहेत. उष्ण हवा वर जाते, म्हणून पत्र्याजवळची माळ्याची जागा सोडून राउटर चार-पाच फुटांवर, उन्हाने न तापणाऱ्या भिंतीवर आणा. माळवदाच्या जुन्या घरात आतली भिंत सगळ्यात चांगली, मात्र जाड मातीच्या भिंतींतून वायफाय फार दूर जात नाही, तेवढं बघा. डबा आडवा ठेवण्यापेक्षा उभा ठेवला आणि चारही बाजूंनी वीतभर जागा सोडली तर हवा खेळती राहते. इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स, फ्रीज यांच्या डोक्यावर ठेवू नका. धूळ बसू नये म्हणून रुमाल किंवा विणलेलं कव्हर घालायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, ते आजच काढा. धूळ महिन्यातून एकदा, प्लग काढून, रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडा. कूलरच्या झोतात मात्र डबा कधीच ठेवू नका: ती हवा ओली असते, पाण्यातले क्षार आत बसतात आणि गंज चढतो. ओला कपडा किंवा बर्फाची पिशवी तर नकोच.

चौथी पायरी: ॲडॅप्टर बदलून बघा

जुन्या राउटरमध्ये अनेकदा राउटर धडधाकट असतो आणि म्हातारा झालेला असतो तो ॲडॅप्टर. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. मग भार वाढला की व्होल्टेज खाली येतं, वायफाय तुटतं, राउटर आपोआप रिस्टार्ट होतो. मोटार सुरू झाली किंवा लाईट जाऊन इन्व्हर्टर लागला की नेमकं नेट जात असेल तर इथेच बघा. राउटरला लावलेल्या मिनी यूपीएसची बॅटरी जुनी झाली तरी लक्षणं हीच.

मल्टिमीटरने मोकळ्या पिनवर मोजलं तर १२ व्होल्ट बरोबर दिसू शकतात, कारण तेव्हा भारच नसतो. त्यापेक्षा आधी मिनी यूपीएस बाजूला काढून थेट जोडा, आणि मग दुसरा ॲडॅप्टर दोन दिवस लावून बघा. व्होल्टेज अगदी तेवढंच हवं, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिनच्या आतबाहेरची अधिक-उणे खूण जुळली पाहिजे. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा ॲडॅप्टर लावून डबा जाळून घेऊ नका.

एका अभ्यासिकेचा तपास

लातूरमधली एक अभ्यासिका घ्या. पत्र्याचा हॉल, दिवसभर नीटची आणि स्पर्धा परीक्षेची मुलं, एकच घरगुती राउटर. मुलांनी बटणं दाबू नयेत म्हणून राउटर माळ्यावर प्लायवूडच्या कुलूपबंद खोक्यात, शेजारी इन्व्हर्टर. तक्रार अशी की दुपारी नेट रांगतं, रिस्टार्ट केलं की वीस-पंचवीस मिनिटं बरं चालतं. चालकांनी प्लॅन वाढवून घेतला होता, फरक शून्य.

नोंदवही ठेवली तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती ही, की रात्री नऊला हॉल दुपारपेक्षा जास्त भरलेला असूनही नेट छान चालतं. म्हणजे मुलांची संख्या हे दुपारच्या मंदीचं कारण नव्हतं. दुपारी राउटरची पिंग वायरवरच तीन-चारशे मिलिसेकंदांवर गेली होती. खोक्याचं दार उघडून फॅन लावला आणि रिस्टार्ट न करता पिंग खाली आली. राउटर खोक्यातून काढून खाली, सावलीच्या भिंतीवर उभा लावला. बटणांची भीती होती म्हणून त्याच्यापुढे जाळीचं दार बसवलं. दुपारचं दुखणं गेलं.

पण गोष्ट इथे संपली नाही. पाच-सहा दिवसांनी भल्या सकाळी, हवा गार असताना, नवी पानं उघडेनात. चालकांना वाटलं, तपासच चुकला. प्रत्यक्षात हे दुसरं दुखणं होतं, आधी ते दिसत नव्हतं इतकंच: दुपारी रोज रिस्टार्ट होत असल्याने तक्ता भरायला वेळच मिळत नव्हता. आता राउटर सलग चालायला लागला आणि मेमरीचा प्रश्न उघडा पडला. दोन्ही `nslookup` निरुत्तर, आधीपासूनच्या पिंग चालू. एक कारण दूर केल्यावर दुसरं वर येणं हे या कामात नेहमीचंच, त्यामुळे पहिल्या उपायानंतरही नोंद आठवडाभर चालू ठेवा.

मेमरीसाठी तिथे तीन गोष्टी केल्या. कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या त्याच मॉडेलचं आणि त्याच हार्डवेअर आवृत्तीचं नवं फर्मवेअर टाकलं. हे करताना लाईट गेली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो, म्हणून ते इन्व्हर्टरवर आणि वायरने जोडूनच करा. दुसरं, टॉरेंट बंद केलं. तिसरं, `Reboot Schedule` मध्ये पहाटे चारची वेळ लावली. रोजचा ठरवून केलेला रिस्टार्ट म्हणजे बरं करणं नव्हे, पण तक्ता भरायच्या आत तो रिकामा होतो आणि मुलांचा ऑनलाइन टेस्टचा पेपर मध्येच अडकत नाही. ज्यांच्या राउटरमध्ये ही सोय नाही त्यांनी टायमरचा प्लग लावला तरी चालतं.

चालकांनी विचारलं, 'दुसरा एक वायफायचा डबा जोडला तर भार वाटला जाईल ना?' वायफायचा वाटला जाईल, तक्त्याचा नाही. ॲक्सेस पॉइंट म्हणून लावलेल्या दुसऱ्या डब्यावरचे फोनही शेवटी मुख्य राउटरमधूनच बाहेर जातात, ओळी त्याच्याच तक्त्यात भरतात. मेमरी कमी पडत असेल तर बदलायचा तो मुख्य राउटर. तो घेताना 'किती फोन जोडता येतात' या खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, तो वायफायचा आकडा असतो. एकूण मेमरी विचारा. पन्नासेक माणसांच्या जागी २५६ एमबीच्या खाली जाऊ नका. घरच्या पाच-सहा फोनांना १२८ एमबी पुरे होते.

कंपनीला फोन करायची वेळ आली तर

सेटिंगमध्ये `WAN` किंवा `PPPoE` च्या पानावर `Disconnect` आणि `Connect` असेल तर एकदा तेवढंच करून बघा. नुसत्या नव्या लॉगिनने नेट सुधारलं, तर दुखणं लाईनवरचं आहे आणि वरचे कोणतेही उपाय त्याला लागू नाहीत. फायबरचा डबा कंपनीचाच असेल तर तो उघडू नका, बदलून मागा. आणि तक्रार करताना 'नेट स्लो आहे' एवढंच सांगू नका, नाहीतर पलीकडून 'राउटर रिस्टार्ट करा' एवढंच ऐकायला मिळेल. सांगा: 'लॅपटॉप वायरने जोडलाय, राउटरची पिंग दोन मिलिसेकंद आहे, बाहेरची पिंग रोज रात्री आठनंतर तीनशेच्या वर जाते, रिस्टार्टने फरक पडत नाही, चार दिवसांच्या वेळा लिहून ठेवल्यात.' शक्य असेल तर पिंगच्या दोन्ही खिडक्या एकत्र दिसतील असा फोटो त्यांच्या लाईनमनला पाठवा.